टक्केवारीत फक्त ०.१५ चा फरक येतोय. शाळेत विचारावं की सोडून द्यावं?

सायली_कोथरूड

लेक आठवीत, सीबीएसईची शाळा. प्रगतिपुस्तक हातात आलं. मागच्या पानावर कशाला किती भार ते छापलंय: दोन युनिट टेस्टची सरासरी (टेस्ट ४० गुणांच्या) १०, सहामाही (८० गुणांची) ३०, वार्षिक (तीही ८० ची) ४० आणि अंतर्गत २०. सगळे मिळून १००. खाली एक ओळ आहे की वैद्यकीय प्रमाणपत्र दिलं असेल तर बुडालेली टेस्ट सोडून दुसरीचे गुण धरले जातील.

पुढच्या पानावर प्रत्येक परीक्षेचे मूळ गुण आहेत आणि शेवटच्या रकान्यात एकदम शंभरपैकी गुण. मधलं काहीच नाही. सहा विषयांची बेरीज ४९७, टक्के ८२.८३.

मी सगळे मूळ गुण शीटमध्ये टाकून मागच्या पानाप्रमाणे हिशोब लावला. माझी बेरीज येते ४९७.८७५, म्हणजे ८२.९८ टक्के. नवरा म्हणतो, "पूर्णांकात करताना इकडचं तिकडे झालं असेल, पाऊण गुणासाठी शाळेत जाऊ नकोस." पटतंय पण डोक्यातून जात नाहीये. काय करू?

दादा_सातारकर

सीबीएसई आहे ना? मग सोपं आहे. ग्रेड पॉइंटची सरासरी काढायची आणि ९.५ ने गुणायची. आमच्या पुतण्याचं तसंच होतं. त्यात दशांशाचा फरक येतोच, टेन्शन घेऊ नका.

सायली_कोथरूड

दादा, हिच्या प्रगतिपुस्तकात ग्रेड पॉइंट नाहीयेत हो. सरळ गुण आहेत.

निवृत्त_परीक्षाप्रमुख

९.५ चा गुणक सीबीएसईच्या दहावीला होता. २०१८ पासून दहावीची बोर्ड परीक्षा पुन्हा सक्तीची झाली आणि निकाल गुणांत येऊ लागला, तेव्हा तो मागे पडला. इथे त्याचा संबंध नाही.

सायलीताई, तुम्ही दोन बेरजा समोरासमोर ठेवल्यात. बेरीज ही फार लबाड गोष्ट आहे. एका विषयात चार गुण कमी पडले आणि बाकीच्यांत मिळून तीन वाढले, तर बेरीज जवळपास बरोबर दिसते. मी शाळेत निकाल तपासायचो तेव्हा एकूण टक्के सगळ्यात शेवटी बघायचो. आधी विषयवार फरक.

प्रत्येक विषयासाठी पुस्तकातला आकडा आणि तुमचा आकडा इथे लिहा. तुमचा आकडा पूर्णांकात करू नका, शेपटासकट लिहा.

सायली_कोथरूड

आधी पुस्तकातला, मग माझा:

इंग्रजी ८०, ७९.३७५
हिंदी ८१, ८१
मराठी ८९, ८८.१२५
गणित ८४, ८४.५
विज्ञान ८१, ८४.६२५
समाजशास्त्र ८२, ८०.२५

अहो, विज्ञानात साडेतीन गुणांच्या वर फरक आहे!

रोहन_ठाणे

आणि समाजशास्त्रात पावणेदोन जास्त दिलेत. शाळा दिलदार आहे 😀

अमेय_आयटी

हे प्रत्येक घटक वेगळा पूर्णांकात करून मग बेरीज केल्याने होतं. नवरोबा बरोबर आहेत. इंग्रजीचं उदाहरण घ्या, मूळ गुण काय आहेत?

सायली_कोथरूड

इंग्रजी: टेस्ट ३० आणि ३३, सहामाही ६०, वार्षिक ६४, अंतर्गत १७.

अमेय_आयटी

टेस्टची सरासरी ३१.५, चाळीसपैकी, म्हणजे दहापैकी ७.८७५. सहामाहीचे ६० म्हणजे तीसपैकी २२.५. वार्षिकचे ६४ म्हणजे चाळीसपैकी ३२. अंतर्गत १७. आता प्रत्येक पूर्णांकात करा: ८, २२, ३२, १७. बेरीज ७९. हं, पुस्तकात ८० आहे. मी पायथनमध्ये चालवून बघितलं, तेही ७९ च देतंय. म्हणजे इंग्रजीतही चूक आहे.

निवृत्त_परीक्षाप्रमुख

२२.५ चे २२ कसे केलेत?

अमेय_आयटी

मी नाही केले, पायथनने केले:

```
>>> round(22.5)
22
>>> round(23.5)
24
```

निवृत्त_परीक्षाप्रमुख

तेच म्हणत होतो. तुमचं यंत्र बरोबर मधोमध पडलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं. शाळेत आपण अर्धा आला की वर नेतो, आणि एक्सेलचं ROUND पण तसंच करतं. २२.५ चे २३ धरा. मग ८ + २३ + ३२ + १७ = ८०. पुस्तकात तेच आहे.

तुमचा मूळ अंदाज मात्र उपयोगी आहे. सायलीताई, हिंदी, मराठी आणि गणितालाही हाच नियम लावून बघा: घटक आधी पूर्णांकात, मग बेरीज.

सायली_कोथरूड

केलं. हिंदी ८१, मराठी ८९, गणित ८४. तिन्ही तंतोतंत पुस्तकाप्रमाणे!

निवृत्त_परीक्षाप्रमुख

छान. म्हणजे या शाळेची पद्धत आपल्याला कळली, जरी ती कुठे छापलेली नसली तरी. नुसती शेवटी पूर्णांकात करायची पद्धत असती तर इंग्रजीचे ७९.३७५ चे ७९ झाले असते, ८० कधीच नाही. आणि गणिताचे ८४.५ चे ८५ झाले असते, तिथे ८४ आहेत. दोन विषय दोन दिशांना सरकलेत आणि दोन्ही एकाच नियमात बसतात. तेव्हा हा योगायोग नाही.

आता याच पद्धतीतून एक मर्यादा निघते. अंतर्गत गुण मुळातच पूर्ण आहेत. अपूर्णांक येतो तो टेस्ट, सहामाही आणि वार्षिक या तीनच ठिकाणी. प्रत्येक जागी पूर्णांकात करताना जास्तीत जास्त अर्धा गुण सरकतो. तिन्ही एकाच दिशेला सरकले तरी दीड. म्हणून तुमच्या अचूक आकड्यापासून दीडच्या आतला फरक या पद्धतीने समजावून सांगता येतो, दीडच्या वरचा नाही.

इंग्रजी, मराठी, गणित आत आहेत. विज्ञान ३.६२५ ने खाली आणि समाजशास्त्र १.७५ ने वर. हे दोन्ही बाहेर. तुमचे यजमान चार विषयांपुरते बरोबर आहेत.

वैशाली_नाशिक

मध्येच विचारते, माफ करा. माझ्या मुलाचा अकरावीचा निकाल पण चुकलाय का कोणी सांगेल का? राज्य मंडळ, ज्युनियर कॉलेज. अर्थशास्त्र: पहिली घटक चाचणी १७/२५, सत्र परीक्षा ३१/५०, दुसरी घटक चाचणी १८/२५, वार्षिक ७४/१००. मी टक्के काढले ६८, ६२, ७२, ७४. सरासरी ६९. निकालावर ७० आहे. इथेही एक जास्त!

मनीषा_शिक्षिका

वैशालीताई, तुमचा निकाल बरोबर आहे. अकरावीला चारही परीक्षांचे गुण सरळ मिळवायचे असतात, ते २०० पैकी होतात, आणि निम्मे करायचे. १७ + ३१ + १८ + ७४ = १४०, निम्मे ७०. चार टक्केवाऱ्यांची सरासरी काढली की पंचवीस गुणांच्या चाचणीला आणि शंभर गुणांच्या वार्षिकला सारखंच वजन मिळतं. कॉलेजात वार्षिकला निम्मं वजन आहे.

वैशाली_नाशिक

अच्छा! म्हणजे मी उगाच क्लार्कला फोन करणार होते. धन्यवाद. पण त्याच्या भौतिकशास्त्राचंही मला विचारायचंय, नंतर लिहिते.

सायली_कोथरूड

विज्ञानाचे मूळ गुण: पहिली टेस्ट ३६, दुसऱ्या टेस्टला "गैरहजर" लिहिलंय, सहामाही ६३, वार्षिक ६८, अंतर्गत १८. त्या दिवशी तिला ताप होता. डॉक्टरांचं प्रमाणपत्र मी वर्गशिक्षिकांना दिलं होतं.

निवृत्त_परीक्षाप्रमुख

मग धागा मिळाला. आधी शाळेच्या पद्धतीने बरोबर किती यायला हवं ते बघू. दुसरी टेस्ट सोडायची, म्हणून ३६/४० म्हणजे दहापैकी ९. सहामाही २३.६२५, म्हणजे २४. वार्षिक ३४. अंतर्गत १८. बेरीज ८५. पुस्तकात ८१. बरोबर चार गुण गायब.

आता गैरहजरीला शून्य धरून करा. ३६ + ० = ३६, ऐंशीपैकी, म्हणजे दहापैकी ४.५, पूर्णांकात ५. नवाच्या जागी पाच. चार गुण कमी.

अमेय_आयटी

सुटलं की मग. केस क्लोज.

निवृत्त_परीक्षाप्रमुख

थांबा. चार गुण कमी येण्याची दुसरीही एक वाट आहे. वार्षिकचा एक मूळ गुण शेवटी अर्धा होतो. म्हणजे कोणी ६८ च्या जागी ६० भरले, तर ३४ चे ३० होतात, तेव्हाही चारच कमी. पुस्तकात ६८ छापलेत हे खरं, पण शंभरपैकी गुण ज्या शीटमधून आले त्यात ६८ च आहेत याची खात्री पुस्तकावरून होत नाही. अनेक शाळांत मूळ गुणांची यादी वेगळी आणि रूपांतराची शीट वेगळी असते, आकडे हाताने दुसरीकडे जातात.

गैरहजरीचीच शक्यता मला कितीतरी जास्त वाटते. पण शाळेत जाऊन "तुम्ही शून्य धरलंत" असं म्हणू नका. "विज्ञानाचे रूपांतरित गुण घटकवार दाखवा" एवढंच मागा. टेस्टच्या रकान्यात ५ आणि वार्षिकच्या रकान्यात ३४ दिसले की प्रश्न संपला.

मनीषा_शिक्षिका

मी सध्या शिकवते, त्यामुळे हे कुठे होतं ते सांगू शकते. विषयशिक्षकाकडे एक्सेलची शीट असते. B मध्ये पहिली टेस्ट, C मध्ये दुसरी. बरेच जण असं सूत्र लिहितात:

```
=ROUND((B2+C2)/80*10,0)
```

दोन्ही टेस्ट दिलेल्या मुलांसाठी हे अगदी बरोबर आहे. पण C रिकामा असला की एक्सेल बेरजेत त्याला शून्य धरतं आणि भागाकार मात्र ऐंशीनेच होतो. त्यात "AB" लिहिलं तर सूत्र #VALUE! दाखवतं, मग घाईत कोणी ते AB पुसून टाकतं आणि लाल दिसणारं सगळं "नीट" होतं. याऐवजी असं हवं:

```
=ROUND(AVERAGE(B2:C2)/40*10,0)
```

AVERAGE रिकामा रकाना आणि अक्षरं दोन्ही सोडून देतं. पण कोणी तिथे ० टाइप केला तर तो मोजतं, हेही लक्षात घ्या. चाळीस मुलांत एखाद-दुसरंच गैरहजर असतं, म्हणून नमुना म्हणून चार-पाच मुलांचे गुण तपासले तर हे सापडत नाही. आम्ही तपासणीला घेतो ती पटावरची पहिली पाच मुलं, खरं तर घ्यायला हवीत गैरहजर असलेली.

सायली_कोथरूड

म्हणूनच माझ्या शीटमध्ये बरोबर आलं! मी तो रकाना रिकामाच ठेवला होता आणि AVERAGE लावलं होतं.

मनीषा_शिक्षिका

एक मात्र बघा. प्रमाणपत्र वर्गशिक्षिकांना दिलंत, पण ते विज्ञानाच्या बाईंपर्यंत गेलं का? नसेल गेलं तर त्यांच्या दृष्टीने शून्य धरणं नियमातच बसतं. मागच्या पानावर प्रमाणपत्राची अट आहे. कधी दिलं त्याची तारीख सोबत ठेवा.

रोहन_ठाणे

विज्ञान ठीक. पण समाजशास्त्रात वर आलेल्या गुणांबद्दल गप्प बसा असा माझा फुकटचा सल्ला. आपणहून कशाला कापून घ्यायचे?

निवृत्त_परीक्षाप्रमुख

आधी ते का वाढलेत ते तरी समजून घेऊ. मूळ गुण द्या.

सायली_कोथरूड

टेस्ट ३३ आणि २९, सहामाही ६८, वार्षिक ६०, अंतर्गत १७. (वार्षिकला घसरली, त्यावरून घरात महाभारत झालेलं आहे.)

निवृत्त_परीक्षाप्रमुख

शाळेच्या पद्धतीने: ७.७५ चे ८, सहामाही २५.५ चे २६, वार्षिक ३०, अंतर्गत १७. बेरीज ८१. पुस्तकात ८२. म्हणजे शोधायचा आहे फक्त एक गुण.

एक गुण ही फार अवघड वस्तू आहे, कारण तो कुठूनही येऊ शकतो. अंतर्गत १७ च्या जागी १८ भरले असतील. वार्षिकच्या ६० चे ६२ झाले असतील. किंवा टेस्टच्या रकान्यात एक गुण वर गेला असेल.

अमेय_आयटी

किंवा सहामाही आणि वार्षिकचे भार उलटे लागले असतील. ६८ ला चाळीसपैकी केलं तर ३४, ६० ला तीसपैकी केलं तर २२.५, म्हणजे २३. ८ + ३४ + २३ + १७ = ८२. जुळलं!

निवृत्त_परीक्षाप्रमुख

वा. ही शक्यता बाकीच्यांपेक्षा वजनदार आहे, कारण ती एका मुलीपुरती नसून पूर्ण वर्गाची असेल. आणि तपासायला सोपी आहे. भार उलटे झाले तर फरक सहामाही आणि वार्षिकच्या अंतरावर ठरतो: दर आठ मूळ गुणांच्या अंतराला एक गुण. तुमच्या मुलीचं अंतर आठच, म्हणून एकच गुण हलला. जिचं अंतर मोठं आहे अशी दुसरी मुलगी हवी. भरतानाची चूक असेल तर त्या मुलीचा हिशोब बरोबर निघेल. सूत्राची चूक असेल तर तिच्यात फरक मोठा दिसेल.

दुसऱ्या मुलीचे गुण इथे नावासकट टाकू नका म्हणजे झालं.

सायली_कोथरूड

लेकीच्या मैत्रिणीच्या आईला विचारलं. तिची मुलगी सहामाहीला आजारपणामुळे मागे पडली होती, वार्षिकला छान वर आली. समाजशास्त्र: टेस्ट २४ आणि २८, सहामाही ४०, वार्षिक ६४, अंतर्गत १६. पुस्तकात ६७.

अमेय_आयटी

मी करतो. यावेळी अर्धे वर. टेस्ट ६.५ चे ७. सहामाही १५. वार्षिक ३२. अंतर्गत १६. यायला हवेत ७०. उलटे भार लावले तर ७ + २० + २४ + १६ = ६७. पुस्तकात ६७ च आहे. अंतर चोवीस, फरक तीन. दर आठाला एक, तंतोतंत.

निवृत्त_परीक्षाप्रमुख

दोन मुली, एक वर एक खाली, दोन्ही एकाच सूत्राने समजतात. माझ्या लेखी हे जवळजवळ नक्की आहे. समाजशास्त्राच्या शीटमध्ये तीस आणि चाळीस एकमेकांच्या जागी गेलेत. बाकीच्या विषयांत नाहीत, कारण ती शीट वेगळ्या शिक्षकांची.

ज्या मुलांनी वर्षाअखेरीस मेहनत करून गुण वाढवले त्यांचंच यात नुकसान झालंय. जी घसरली त्यांना फायदा.

रोहन_ठाणे

तरी माझं मत तेच. आपल्या मुलीचा एक गुण कमी करून घ्यायला जाणार का?

सायली_कोथरूड

मैत्रिणीच्या आईने तीन गुण गेलेले पाहिलेत. ती जाणारच आहे. मग माझ्या गप्प राहण्याला काय अर्थ उरतो?

मनीषा_शिक्षिका

जा, पण वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, हात जोडून विनंती. तिथे टाकलं की संध्याकाळपर्यंत "शाळेने निकाल चुकवला" होतं आणि त्या बाई बचावात उतरतात. दोघी मिळून वर्गशिक्षिकांना भेटा, कागदावर दोन मुलींचा हिशोब घेऊन जा. एका मुलीचा हिशोब दाखवला तर "एक गुण इकडे तिकडे" म्हणून उडवतील. दोन दाखवल्या तर शीट उघडावीच लागते.

आणि निवृत्त सरांना माझा एक विरोध नोंदवते. तुम्ही घटकवार पूर्णांकात करण्याला "शाळेची पद्धत" म्हणून मान्यता देऊन टाकलीत. मला ती चुकीचीच वाटते. एकदाच, शेवटी पूर्णांकात करायला हवं. या मुलीला मराठीत ८८.१२५ चे ८९ मिळालेत, आणि गणितात ८४.५ चे ८४. हे कुठल्या न्यायाने?

निवृत्त_परीक्षाप्रमुख

न्यायाने नाही, सवयीने. मीही शेवटीच करावं अशाच मताचा आहे. पण मागच्या पानावर पूर्णांकाबद्दल एक अक्षर छापलेलं नाही, आणि ही पद्धत सगळ्यांना सारखीच लागलीय. त्यामुळे त्याला मी चूक म्हणणार नाही, शाळेचं धोरण म्हणेन, वाईट का असेना. विज्ञान आणि समाजशास्त्र छापलेल्या नियमाविरुद्ध आहेत. ते वेगळं आहे. तिन्ही गोष्टी एकाच अर्जात घातल्या तर शाळा सोप्या मुद्द्यावर वाद घालत बसेल आणि खरे दोन बाजूला राहतील.

मनीषा_शिक्षिका

ज्या मुलाचे तिन्ही घटक थोडक्यात अर्ध्याच्या खाली राहिले त्याला जाऊन सांगा धोरण म्हणून. असो, आपलं यावर जुळणार नाही.

दादा_सातारकर

एक शंका. शेवटी टक्के किती होणार मग? वाढणार की कमी होणार?

अमेय_आयटी

दादा, विज्ञान ८१ चे ८५ झाले आणि समाजशास्त्र ८२ चे ८१, तर ४९७ चे ५०० होतात. सहाशेपैकी ५०० म्हणजे ८३.३३. गंमत बघा, सायलीताईंनी सुरुवातीला काढलेला अचूक आकडा ८२.९८ होता. म्हणजे शाळेच्या पूर्णांकाच्या पद्धतीने मुलीला एकूणात थोडा फायदाच आहे. मनीषा मॅडमच्या पद्धतीने, शेवटी पूर्णांकात केलं तर ४९८, म्हणजे बरोबर ८३.

सायली_कोथरूड

भेटून आले. वर्गशिक्षिकांनी विज्ञानाची शीट उघडली. टेस्टच्या रकान्यात ५, वार्षिकच्या रकान्यात ३४. प्रमाणपत्र त्यांच्या फाइलला होतं, विज्ञानाच्या बाईंना कळवलं गेलं नव्हतं. ८५ करून नवीन प्रगतिपुस्तक देणार आहेत.

समाजशास्त्राच्या बाई रजेवर आहेत. शीट त्यांच्या लॅपटॉपमध्ये. वर्गशिक्षिकांनी दोन्ही मुलींचा कागद ठेवून घेतला, चेहरा जरा गंभीर झाला. पूर्णांकाचं मी विचारलं नव्हतं, पण मैत्रिणीच्या आईने विचारलंच. उत्तर मिळालं, "सॉफ्टवेअर तसंच करतं." म्हणजे काय ते त्यांनाही माहीत नसावं.

रोहन_ठाणे

म्हणजे सध्या तुमचे ८५ आणि ८२. बेरीज ५०१. नवीन पुस्तक लवकर घेऊन टाका 😀

निवृत्त_परीक्षाप्रमुख

उलट, समाजशास्त्राचं ठरेपर्यंत नवीन पुस्तक घेऊ नका, नाहीतर तिसरं घ्यावं लागेल. आणि त्या बाई आठवीच्या दुसऱ्या तुकडीलाही शिकवतात का ते विचारा. एका वर्गाची शीट कॉपी करून दुसऱ्या वर्गाची बनवणं हे सर्रास चालतं. तसं असेल तर उलटे भार तिकडेही गेले असणार, आणि त्या वर्गातल्या कोणी अजून मागचं पान उलटलेलं नसेल.

सायली_कोथरूड

शिकवतात. क तुकडीला. तिकडे माझ्या ओळखीचं कोणी नाही, पण मैत्रिणीच्या आईची बहीण आहे म्हणे. विचारते.

वैशाली_नाशिक

आता माझं भौतिकशास्त्र. वार्षिकला लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०. लेखीचे गुण निकालावर दिसतायत, प्रात्यक्षिकाचे नाहीत, फक्त एकत्र बेरीज आहे. वजा करून काढले तर प्रात्यक्षिकात १९ येतात आणि मुलगा म्हणतो सरांनी २६ सांगितले होते. हे कोणाकडे विचारायचं?

मनीषा_शिक्षिका

आधी लेखीचा आकडा उत्तरपत्रिकेशी ताडून बघा. २६ खरे असतील तर सात गुणांची तफावत लेखीतही असू शकते. उत्तरपत्रिका पाहायला मिळते का ते कॉलेजात विचारा आणि मग इथे लिहा.